जाहिरात नसलेल्या कामासाठी पत्र

मुळशी तालुक्यातल्या जांबे गावातून आमच्या बचत गटातर्फे आम्ही बोलतोय. आज बोलायचं आहे एका मेलबद्दल. ही मेल आमच्यातल्या एका ताईंनी नोकरीसाठी लिहिली. गंमत म्हणजे त्या नोकरीची जाहिरात कुठेच निघालेली नव्हती. खरं तर ती जागाच तेव्हा नव्हती.

हिंजवडीचं आयटी पार्क आमच्या गावापासून जवळ. आजूबाजूला गोदामं, पॅकिंगची युनिटं, छोटे कारखाने वाढलेत. आपल्याला वाटतं, एवढं सगळं शेजारी आहे तर काम मिळेलच. पण पेपरात जाहिरात येते ती इंजिनियरची, नाहीतर एकदम हेल्परची. मधली कामं, म्हणजे स्टोअरमधली नोंद, बिलं जुळवणं, माल मोजून घेणं, यांची जाहिरात फारशी येत नाही. मॅनेजर ओळखीत विचारतो, कुणीतरी भाचा-पुतण्या सुचवतं आणि जागा भरून जाते. आपल्याला कळतं तेव्हा तिथे कुणीतरी बसलेलं असतं.

आमच्या या ताईंना गटात सगळ्या 'हिशेबाच्या ताई' म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. बारावी कॉमर्स, टॅलीचा कोर्स केलेला, आणि सहा वर्षं बारा जणींच्या गटाची रोकडवही, बचतीची आणि कर्जाची नोंदवही त्याच लिहितात. घरची थोडी जमीन होती ती वाटणीत आणि रस्त्यात गेली. मिस्टरांचा टेंपो, धंदा कधी आहे, कधी नाही. मुलगी दहावीला. ताईंना बाहेर काम हवंच होतं.

पहिल्यांदा त्यांनी काय केलं ते आधी सांगतो, कारण ती चूक आपल्यापैकी बऱ्याच जणी करतील. त्यांनी मोबाइलवर शोधून वीस कंपन्यांचे पत्ते जमवले आणि सगळ्यांना एकच मेल एकदम पाठवली. वीसही पत्ते वरच्या To च्या रकान्यात, म्हणजे प्रत्येकाला बाकीचे एकोणीस दिसत होते. मजकूर असा, की मी होतकरू आहे, कष्टाळू आहे, कोणतंही काम द्यावं. खाली हिशेब येतो याचा पुरावा म्हणून आपल्या गटाच्या कर्ज नोंदवहीच्या पानाचा फोटो.

तीन मेल लगेच परत आल्या, वर Address not found असं लिहिलेलं. म्हणजे ते पत्ते चुकीचे होते. बाकी सतरा जणांकडून काहीच आलं नाही.

पुढच्या बैठकीत ताईंनी तो फोटो आम्हाला दाखवला. आमच्यातल्या एका मावशींनी बघितलं आणि त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "यात माझं नाव आहे की गं. किती घेतले, किती थकलेत, सगळं दिसतंय." मैत्रिणींनो, त्या दिवशी बैठकीत बोलणं कठीण झालं. ताईंचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या बाईला दुसऱ्याचा हिशेब सांभाळायचं काम हवंय, तिनेच दुसऱ्याचा हिशेब वीस अनोळखी लोकांना दाखवला होता. ताईंनी मावशींची सगळ्यांसमोर माफी मागितली. आम्ही ठराव केला की गटाच्या वहीचं पान कुणाच्याही कामासाठी बाहेर जाणार नाही. आणि मग सगळ्यांनीच ठरवलं, आता हे पत्र नीट लिहायचं.

पहिला प्रश्न होता, लिहायचं कुणाला?

तुम्हाला सुधा मूर्तींची गोष्ट माहीत असेल. १९७४ साली त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकत होत्या. तिथे फळ्यावर टेल्को कंपनीची जाहिरात लागली. इंजिनियर हवेत, पण महिलांनी अर्ज करू नये, असं त्यात होतं. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड लिहिलं, की टाटांसारख्या कंपनीने असा भेद का करावा. थोड्याच दिवसांत मुलाखतीसाठी पुण्याला येण्याची तार आली, जाण्यायेण्याचा खर्च कंपनीचा. मुलाखत झाली पिंपरीला, आपल्या इथून फार लांब नाही. त्यांना नोकरी मिळाली.

ही गोष्ट ऐकून आपल्याला वाटतं, पत्र लिहावं तर सगळ्यात मोठ्या मालकाला. पण जरा बघा. सुधा मूर्तींपुढे अडचण होती ती नियमाची. जागा होती, त्यांचं शिक्षण होतं, नियम आडवा येत होता. नियम बदलणारा माणूस वरच असतो, म्हणून पत्र वर गेलं ते बरोबर होतं. आपली अडचण वेगळी. आपल्याला कुणी 'बायका नकोत' म्हणत नाही. आपण आहोत हेच तिथे कुणाला माहीत नाही, आणि त्यांना माणूस लागणार आहे हेही कदाचित त्यांनी अजून ठरवलेलं नाही. अशा वेळी मालकाला लिहून उपयोग नाही, त्याला स्टोअरमधल्या बिलांची अडचण माहीतच नसते. एचआरला लिहूनही फार उपयोग नाही. एचआर मंजूर झालेली जागा भरतं. जागाच नसेल तर ते अर्ज बाजूला ठेवतात, त्यात त्यांचा दोष नाही.

मग लिहायचं त्याला, ज्याचं काम अडतंय आणि ज्याच्या हाताखाली आपण बसणार. आमच्या बाबतीत तो होता माणच्या बाजूच्या एका पॅकिंग युनिटचा स्टोअर मॅनेजर.

तेच युनिट का? कारण तिथे काहीतरी बदललं होतं. दिवाळीपासून दुसरी पाळी सुरू झाली होती. सकाळी गेटबाहेर मालाच्या तीन-चार गाड्या थांबलेल्या दिसत. आता विचार करा, माल आला की त्याच्याबरोबर चलन येतं. गेटवर नोंद होते, स्टोअरमध्ये मोजणी होते, नंतर बिल येतं. चलनावर पन्नास पोती, मोजणीत एकोणपन्नास, बिलात पन्नास, असं झालं की कुणीतरी बसून ते जुळवावं लागतं. पाळ्या दोन झाल्या की हे कागदही वाढणार, आणि माणूस तोच असेल तर महिनाअखेरीला ढीग लागणार. जाहिरात निघण्याआधी काम असं दिसतं. नवी पाळी, नवी शेड, नवा गेट, नाहीतर कुणी बाई बाळंतपणाच्या रजेवर. त्यावर आपलं लक्ष हवं.

आमची एक मैत्रीण त्याच युनिटमध्ये पॅकिंगला आहे. तिने सांगितलं, साहेब महिन्याच्या शेवटी रात्री उशिरापर्यंत बिलं घेऊन बसतात. ही माहिती फार कामाची होती, पण आम्ही ती मेलमध्ये लिहिली नाही. 'तुमच्याकडे हिशेबाचा घोळ आहे असं कळलं' असं लिहिलं असतं, तर साहेबांनी पहिलं शोधलं असतं की हे बाहेर कुणी सांगितलं. आमच्या मैत्रिणीच्या पोटावर पाय आला असता. म्हणून नियम केला, मेलमध्ये तेवढंच लिहायचं जे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतं.

साहेबांचं नाव आणि मेलचा पत्ता मिळवायला आम्ही सरळ युनिटच्या ऑफिसला फोन केला. "स्टोअर कोण बघतात, त्यांना एक मेल पाठवायची आहे, पत्ता मिळेल का?" एवढंच विचारलं. पहिल्या वेळी फोन ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणी उचलला आणि सांगितला. अंदाजाने पाच-सहा पत्ते बनवून सगळीकडे पाठवण्यापेक्षा हे बरं. पत्ता सांगताना एकेक अक्षर परत म्हणून घ्या. एक अक्षर चुकलं तरी मेल परत येते, नाहीतर भलत्याला जाते.

आता मेल वाचून दाखवतो. सावकाश ऐका.

विषय: चलन-बिल जुळवणीच्या कामासाठी, जांबे गावातून

सर, नमस्कार. आपल्या युनिटमध्ये दिवाळीपासून दुसरी पाळी सुरू झालेली रस्त्यावरून जाताना दिसते. सकाळी गेटपाशी मालाच्या गाड्याही वाढल्या आहेत. आवक वाढली की चलन, गेटची नोंद आणि बिल जुळवण्याचं कामही वाढत असेल. ते काम करण्याची माझी तयारी आहे.

मी सहा वर्षं बारा महिलांच्या बचत गटाची रोकडवही आणि कर्ज नोंदवही लिहिते. दर महिन्याला बँकेच्या पासबुकाशी ताळा घेते. बारावी कॉमर्स आहे, टॅलीचा कोर्स केला आहे, एक्सेलमध्ये बेरीज आणि याद्या करता येतात. कारखान्यात काम केल्याचा अनुभव नाही.

सध्या आपल्याकडे अशी जागा नसेल याची कल्पना आहे. तरी पंधरा मिनिटं भेटीची वेळ दिलीत, तर कुठल्याही एका जुन्या दिवसाची चलनं आणि बिलं समोर देऊन माझं काम बघता येईल. मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकरानंतर मी येऊ शकते. स्वतःची स्कूटी आहे.

खाली ताईंचं पूर्ण नाव, गाव आणि मोबाइल नंबर. संपलं. मोबाइलवर बोटाने एकदा-दोनदा सरकवलं की सगळी वाचून होते.

यात काय आहे ते बघू. पहिल्या भागात आपल्याबद्दल काहीच नाही, त्यांच्या कामाबद्दल आहे. वाचणाऱ्याला लगेच कळतं की ही मेल वीस जणांना गेलेली नाही, मलाच लिहिलीय. दुसऱ्या भागात 'कष्टाळू, प्रामाणिक' असे शब्द नाहीत. हे शब्द सगळेच लिहितात, ते तपासता येत नाहीत. 'सहा वर्षं, बारा महिला, दर महिन्याला ताळा' हे मात्र तपासता येतं. आणि जे येत नाही तेही सांगितलंय. ताईंना ते वाक्य काढायचं होतं. पण भेटीत ते निघणारच होतं, मग आपणच आधी सांगितलेलं बरं.

तिसऱ्या भागात मागणी लहान आहे. 'नोकरी द्या' याला उत्तर देणं मॅनेजरला अवघड, कारण जागा मंजूर करणं त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. 'पंधरा मिनिटं द्या' याला तो एका ओळीत हो म्हणू शकतो.

भाषेचं म्हणाल तर साहेब मराठी बोलतात हे आमच्या मैत्रिणीला माहीत होतं, म्हणून मराठीत लिहिली. माहीत नसेल तर सोप्या इंग्रजीत लिहा. पण जी इंग्रजी आपल्याला बोलता येत नाही ती मेलमध्ये घालू नका. भाचीकडून झकास इंग्रजी लिहून घेतलं आणि उद्या साहेबांनी त्याच इंग्रजीत फोन केला, तर पंचाईत होते.

मेलला काही जोडलं नाही. अनोळखी पत्त्यावरून फाइल आली की बरेच जण ती उघडत नाहीत, आणि कधी कधी कंपनीची व्यवस्थाच अशी मेल अडवते. बायोडाटा एका पानाचा तयार करून ठेवला होता, मागितला की लगेच पाठवायला. वेळही बघितली. महिन्याची शेवटची आणि पहिली तारीख टाळली, कारण तेव्हा स्टोअरमध्ये मोजणी चालते. बारा तारखेला, मंगळवारी सकाळी मेल गेली.

आठ दिवस काही उत्तर नाही. ताई रोज दहा वेळा मोबाइल बघायच्या. आम्ही सांगितलं, तो माणूस तुम्हाला नाही म्हणालेला नाही, कदाचित त्याने वाचलंच नसेल. नवव्या दिवशी त्याच मेलखाली Reply करून दुसरी पाठवली, म्हणजे पहिली शोधायला लागू नये. त्यात 'उत्तर का दिलं नाही' हा सूर नव्हता. तीनच ओळी होत्या. "सर, मागची मेल खाली आहे. महिनाअखेर जवळ आली आहे. शेवटच्या चार-पाच दिवसांपुरतं तात्पुरतं काम असेल तरी मी येईन."

त्याच संध्याकाळी उत्तर आलं. "सध्या जागा नाही. गुरुवारी ११ वाजता या."

गुरुवारी साहेबांनी खरंच एका दिवसाची चलनं समोर ठेवली. ताईंना सव्वा तास लागला. दोन फरक सापडले, तिसरा राहिला. साहेबांनी तो दाखवला. ताईंनी विचारलं, तो कसा पकडायचा? त्यांनी समजावून सांगितलं, गाडीचा नंबर आधी जुळवायचा, मग पोती मोजायची. त्या महिन्याच्या शेवटचे पाच दिवस ताईंना बोलावलं, रोजंदारीवर.

जाण्याआधी ताईंनी एक काम केलं. घरी येऊन साहेबांना मेल केली, की ठरल्याप्रमाणे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, वेळ ही, रोज एवढा, पैसे पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत, बरोबर आहे ना? साहेबांनी 'होय' लिहिलं. तोंडी ठरलेलं कागदावर आलं, आणि भांडणही झालं नाही.

आज ताई तिसऱ्या महिन्याला तिथे जातायत. अजून जागा मंजूर झालेली नाही, कायम झालेल्या नाहीत. महिन्याचे पाच दिवसांचे आता आठ दिवस झालेत. होईल की नाही माहीत नाही. पण जागा काढायचं ठरलं, तर साहेबांना पहिलं नाव कुणाचं आठवेल, ते तुम्ही ओळखा.

आता याची मर्यादाही सांगायला हवी. ताईंनी नंतर दुसऱ्या दोन ठिकाणी अशाच मेल पाठवल्या होत्या, प्रत्येकीला वेगळं लिहून. एकाने 'एचआरला पाठवा' सांगितलं. तसं सांगितलं तर एचआरला लिहिताना पहिल्याच ओळीत लिहावं की अमुक साहेबांनी आपल्याकडे पाठवायला सांगितलं. दुसरीकडून काहीच आलं नाही. एक आठवण द्यायची, तेवढीच. तिसरी, चौथी मेल म्हणजे मागे लागणं होतं, आणि मग पुढे जागा निघाली तरी आपलं नाव नकोसं होतं.

सरकारी कामाला हा मार्ग नाही. अंगणवाडी, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, तिथे रीतसर जाहिरात आणि अर्ज लागतो. तिथे कुणी म्हणालं की मेल करा, मी आत बघतो, तर समजा की गडबड आहे.

आणि शेवटची गोष्ट, घाबरवायला नाही, सावध करायला. आपण अनोळखी लोकांना नंबर पाठवतो तेव्हा भलतेच फोनही येऊ शकतात. आमच्या ताईंना पहिल्या वीस मेलनंतर एक फोन आला होता. "तुमची निवड झाली, युनिफॉर्मचे दीड हजार भरा, नंतर पगारात परत मिळतील." ना भेट, ना मुलाखत. ताईंनी विचारलं, कोणत्या कंपनीतून? नाव सांगता आलं नाही. कामावर घेणारा आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून घेत नाही. नोंदणी, डिपॉझिट, युनिफॉर्म, ओटीपी, यातलं काहीही मागितलं की फोन ठेवायचा. उत्तराची मेल आली तर पाठवणाऱ्याचा पत्ता बघायचा. कंपनीने आपल्याला सांगितलेला पत्ता एक आणि उत्तर भलत्याच पत्त्यावरून, असं असेल तर कंपनीच्या ऑफिसला फोन करून खात्री करायची. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करून बघा. तुमच्या गावापासून जाण्यायेण्याजोग्या अंतरावरच्या एकाच जागेचा विचार करा. तिथे गेल्या सहा महिन्यांत काय बदललंय? त्या बदलामुळे कुणाचं काम वाढलं असेल? आणि आपल्यातल्या कुणाला ते काम येतं? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की मेल अर्धी लिहून झाली. उत्तरं मिळाली नाहीत तर मेल पाठवू नका, आधी बघत राहा.

हो, आणि मावशींचं सांगायचं राहिलं. ताईंची दुसरी मेल पाठवायच्या आधी त्यांनीच वाचून मागितली होती. ऐकून म्हणाल्या, "आता यात कुणाचं नाव नाही, तुझंच आहे. पाठव."